लोशू ग्रिडमध्ये मुलीचे १ आणि ९ नाहीत, म्हणून ती बोलत नाही?

पूर्वभागातली
नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस डोक्यात एकच विषय आहे, म्हणून धागा काढतेय.

माझ्या मुलीची जन्मतारीख २३-०८-२००६. मुलगी हुशार आहे, लेखी परीक्षेत कधी मागे पडली नाही. पण कॉलेजात तोंडी परीक्षा आली की गप्प. समोर परीक्षक बसले की येत असलेलं उत्तरही बाहेर पडत नाही. गेल्या सत्रात तर रडत घरी आली.

जुळे सोलापुरात एक जण अंकशास्त्राचे वर्ग घेतात. नणंदेच्या ओळखीचे. त्यांनी कागदावर नऊ घरांचा चौकोन काढला, तारखेतले आकडे भरले आणि म्हणाले, "१, ४, ५, ७, ९ पाच अंक गायब. १ नाही म्हणजे बोलणं नाही, ९ नाही म्हणजे धमक नाही, ५ नाही म्हणजे मधला खांबच नाही." उपाय म्हणून इंग्रजी नावात एक 'ए' वाढवा, १ आणि ९ असलेला मोबाइल नंबर घ्या आणि त्यांच्याकडचं ब्रेसलेट घाला, असं सांगितलं.

पैशांचं मी बघून घेईन. पण पाच रिकामी घरं पाहून माझ्या पोटात गोळा आला. कुणाला यातलं नीट कळतं का?

होटगी_रोडकर
ताई, घाबरू नका. १-५-९ ही तिरकी रेषा इच्छाशक्तीची. ती पूर्ण रिकामी असेल तर माणूस ठरवतो पण करत नाही. माझ्या मेव्हण्याचंही तसंच आहे. दोन हजारनंतर जन्मलेल्या सगळ्याच मुलांना १ नसतो, त्यामुळे ही अख्खी पिढीच अबोल आहे, सगळी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली.

गड्डाप्रेमी
अबोल? आमच्या घरी २०१२ चं एक आहे. पाठवून देऊ का दोन दिवस?

अंकवेल
पूर्वभागातली ताई, मी बरीच वर्षं हे पाहते, पैसे घेऊनही पाहते, हे आधीच सांगते. तुमच्या मुलीचा चौकोन अर्धाच भरलाय.

आमच्याकडे तारखेतले शून्य सोडून बाकीचे आकडे मांडतात. म्हणजे २, ३, ८, २, ६. त्यानंतर मूलांक येतो. तारीख २३, म्हणून २ अधिक ३, पाच. हा ५ चौकोनात लिहायचा असतो. मग भाग्यांक. सगळ्या आकड्यांची बेरीज २१, म्हणजे ३. तोही लिहायचा. बरेच जण पुढे कुआ अंकही धरतात. मुलीसाठी जन्मवर्षाची बेरीज करून त्यात ४ मिळवायचे. २००६ ची बेरीज ८, त्यात ४, बारा, म्हणजे पुन्हा ३. आता मांडणी अशी दिसते:

– – २२
३३३ ५ –
८ – ६

मूळ चौकोनाची वरची ओळ ४-९-२, मधली ३-५-७, खालची ८-१-६. तुमच्या मुलीचा मधला ५ आहे. आणि २-५-८ ही खरी तिरकी रेषा पूर्ण भरली आहे. जमीनजुमल्याचा, स्थैर्याचा योग म्हणून आम्ही तिच्याकडे बघतो. ज्यांनी "मधला खांबच नाही" म्हटलं त्यांनी एक तर मूलांक धरला नाही, किंवा तो न धरणाऱ्या पद्धतीने ते चालतात. तसं असेल तर त्यांनी ते सांगायला हवं होतं. मूलांक धरला की ५ येतो, सोडला की जातो. एका मुलीचा स्वभाव एवढ्यावर बदलत नाही ना.

होटगी रोडकर दादा, १-५-९ लोशूमध्ये तिरकी नाही, मधला उभा रकाना आहे. तुम्ही म्हणता ती तिरकी पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या चौकोनात येते. तिथे खालच्या ओळीत १-४-७ असतं. दोन्हीची सरमिसळ फार होते. एकीचे अर्थ दुसरीच्या घरांवर चिकटवले की सगळं फलित घसरतं.

पूर्वभागातली
अंकवेल ताई, जीव भांड्यात पडला. पण १ आणि ९ तरीही रिकामेच आहेत.

नवी_पेठ_गाळा
माझ्या दुकानाचा नंबर १७ आहे. त्याचा लोशू कसा काढायचा? दोन वर्षं धंदा मंद आहे. मालक नंबर बदलायला तयार नाही.

अंकवेल
दादा, दुकानाला जन्मतारीख नसते, त्यामुळे लोशू नाही. नंबराचं वेगळं बघतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन.

निवृत्त_गणित
मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ग्रिडचं फळ खरं की खोटं यात आत्ता जात नाही. पण "१ गायब" हे किती जणांचं होतं, ते कागद-पेन्सिलीने मोजता येतं. काल दुपारी बसून मोजलं.

एकोणीसशे नव्व्याण्णवपर्यंत जन्मलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्षात १ आणि ९ आहेतच. म्हणजे या धाग्यावरच्या बहुतेक आई-बापांना १ किंवा ९ गायब असणं शक्यच नाही. नेता असो, भित्रा असो, मुका असो, सगळ्यांना हे दोन्ही अंक फुकट मिळाले.

आता २००६ घ्या. वर्षात १ नाही. महिन्यांपैकी जानेवारी, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांच्या आकड्यात १ येतो. उरले आठ महिने. तारखांपैकी १, १० ते १९, २१ आणि ३१ यांत १ आहे. त्या वगळल्या तर फेब्रुवारीच्या १६ तारखा उरतात आणि बाकी सात महिन्यांच्या प्रत्येकी १८. एकूण १४२. म्हणजे त्या वर्षीच्या ३६५ पैकी १४२ तारखांच्या आकड्यांत १ नाही. मूलांक धरला तर २८ तारखेची मुलं यातून सुटतात, भाग्यांकाने आणखी काही. तरी त्या वर्षीचा कुठलाही वर्ग घ्या, "१ नसलेली" मुलं बाकावर बाकावर बसलेली दिसतील.

होटगी रोडकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण २००१ च्या वर्षात १ आहे. २०१० ते २०१९ पर्यंतच्या प्रत्येक वर्षात आहे. गड्डाप्रेमींच्या घरचं २०१२ चं पोर म्हणूनच १ घेऊन आलंय. २०२० ला पुन्हा गेला, २०२१ ला परत आला. आता तुम्हीच सांगा, ३० सप्टेंबर २००९ च्या मुलाला १ नाही आणि ३० सप्टेंबर २०१० च्याला आहे, तर शाळेत एका इयत्तेच्या अंतरात बोलण्याचा गुण कुठून येतो?

गड्डाप्रेमी
सर, २०१२ चं पोर आहेच बडबडं. लोशूला एक गुण द्या.

निवृत्त_गणित
दिला. आता त्याच्या वर्गातली गप्प बसणारी मुलंही मोजून सांगा.

अंकवेल
सरांचं मोजणं मला पटतं, आणि आमच्यातले जाणते वर्षाच्या आकड्यांना कमी वजन देतात ते याचसाठी. वर्ष सगळ्या पिढीचं, दिवस तुमचा एकट्याचा. मूलांक आणि भाग्यांक आधी, वर्षातले अंक शेवटी. पण वर्गात शिकवताना आठ दिवसांत हे सगळं कोण सांगणार? "१ नाही, बोलता येत नाही" हे सांगायला सोपं, ऐकणाऱ्याला लगेच पटणारं. घाबरलेल्या आईला तर फारच पटतं.

कुआचंही तसंच आहे. २००६ ला मुलीचा ३ येतो आणि मुलाचाही. मुलांसाठी ११ मधून वर्षाची बेरीज वजा करायची, ११ वजा ८, तीन. म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यांनाच ३ मिळाला. तुमच्या मुलीचा तिसरा ३ तिच्या एकटीचा नाही.

चादर_डिझाइन
माझा प्रश्न वेगळा आहे. मी जॅकार्डसाठी आलेख कागदावर नक्षी भरतो, तेव्हा चौकोन हा माझ्या हाताखालचा विषय. लोशूचा मूळ चौकोन मी एकदा गंमत म्हणून भरला होता. ४-९-२, ३-५-७, ८-१-६. आडवी, उभी, तिरकी कुठलीही बेरीज करा, १५. ती जमते कारण नऊही घरं भरलेली आहेत आणि प्रत्येक आकडा एकदाच आहे. एक जरी काढला तर दोन-दोन, तीन-तीन ओळी मोडतात, मधला काढला तर चार. मग "गायब" आणि "दोनदा" ही भानगड त्यात आली कुठून?

अंकवेल
फार नेमकं विचारलंत. मूळ चिनी लो शूमध्ये गायब काही नसतंच. कथा अशी की लो नदीतून कासव वर आलं, त्याच्या पाठीवर ठिपक्यांची ही मांडणी होती, आणि ती यू राजाच्या काळी दिसली. त्या मांडणीचा उपयोग दिशांसाठी. ९ दक्षिण, १ उत्तर, ३ पूर्व, ७ पश्चिम, ५ मध्य. १ ला पाणी, ९ ला अग्नी. म्हणूनच १ नसेल तर उत्तरेला पाणी ठेवा, असे उपाय निघतात.

जन्मतारखेचे आकडे त्या घरांत टाकून कुठलं रिकामं ते बघायचं, ही रीत नंतरची. जुन्या चिनी लोकांची तारीख आपल्या इंग्रजी कॅलेंडरची नव्हतीच. तेव्हा "पाच हजार वर्षांचं शास्त्र सांगतं तुमचा १ गायब आहे" असं कुणी म्हटलं की तिथे थांबून विचारावं. चौकोन जुना आहे, तारीख भरणं जुनं नाही. मला तरीही या रीतीत माणसाशी बोलायला एक धागा सापडतो, म्हणून मी ती वापरते.

एक_जून
वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी जन्मतारीख १-६-१९६२. माझ्या वयाचे लोक लगेच ओळखतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आईला विचारलं, "कधीचा?" आई म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रेत झाला, नंदीध्वज निघाले त्या दिवसांत." गुरुजींनी लिहिलं एक जून. आमच्या खात्यात निवृत्तीला ३१ मे ला एका वेळी अकरा जण होतो. एकाच मांडवात निरोपसमारंभ झाला, एकच हार कमी पडला.

मागे एकाने माझा चौकोन काढून सांगितलं, "काका, तुमचे दोन १ आहेत, तुम्ही उत्तम बोलता. दोन ६, घरावर जीव." घरावर जीव आहे, खरं. पण बोलणं? आमची ही म्हणते की लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी फक्त चहा नको म्हणालो होतो. तर तो चौकोन माझा की गुरुजींचा?

अंकवेल
काका, तुमच्या आईची तारीख खरी धरायला हवी. गड्डा संक्रांतीचा, म्हणजे जानेवारी. शिवाय कुआ धरायचा तर तो चिनी सौरवर्षाप्रमाणे, आणि ते ४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. जानेवारीत जन्मलेल्याचं मागचं वर्ष धरतात. १९६२ मधल्या जूनला तुमचा कुआ २ येतो, जानेवारीला ३. वर्षाची खात्री आहे का?

एक_जून
आईला वर्ष नाही, दुष्काळ आठवायचे. आता विचारायला ती नाही.

मधुरा_जुळे
आमच्या घरी कोजागिरीला मी एक प्रयोग केला होता, तो सांगते. घरात नऊ माणसं. प्रत्येकाचा चौकोन भरला आणि गायब व दुबार अंकांचं जे फळ सांगतात ते चार-चार ओळींत लिहून काढलं. नाव नाही, तारीख नाही, आकडाही नाही. नऊ चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या आणि म्हटलं, आपापली ओळखा.

पहिला घोळ असा झाला की सासूबाई, दीर आणि मी तिघांनी एकच चिठ्ठी उचलली. "मनात फार ठेवता, लोक तुम्हाला कमी समजतात" अशी होती ती. कुणाला नाही वाटत असं? पुन्हा नीट वाटून घेतल्यावर दोघांची बरोबर निघाली, सात चुकल्या. सासरे मात्र आजही म्हणतात की त्यांची जुळली ती शंभर टक्के जुळली.

निवृत्त_गणित
मधुराताई, फार सुंदर प्रयोग. एक भर घालतो. डोळे मिटून नऊ चिठ्ठ्या नऊ जणांत वाटल्या तरी सरासरी एक बरोबर पडते. माणसं नऊ असोत की नव्वद, सरासरी एकच. त्यामुळे दोन ही काही मोठी गोष्ट नाही.

अंकवेल
चिठ्ठीतल्या चार ओळी म्हणजे वाचन नव्हे. माणूस समोर बसतो, प्रश्न विचारतो, तेव्हा कळतं. सर, तुम्ही फक्त धडा वाचून दाखवला तर मुलांना गणित येईल का?

निवृत्त_गणित
नाही येणार. पण मग समोरच्या माणसाने जे सांगितलं त्यातून कळलं, की चौकोनातून?

अंकवेल
दोन्हींतून. याच्यापुढे मी भांडणार नाही.

होटगी_रोडकर
सरांनी माझं निम्मं बरोबर म्हटलं म्हणून बाकीचं निम्मं मांडतो. अंक दुबार आला की जोर वाढतो, हे तर कुणी खोडलं नाही. माझ्या बायकोला चार १ आहेत. थांबतच नाही.

अंकवेल
दादा, दोन १ असतील तर बोलणं तोलाचं, तीन असतील तर भरपूर, आणि चार झाले की आतलं बोलताच येत नाही, असं सांगतात. म्हणजे वहिनी वरवरचं बोलत असतील आणि खरं मनात राहत असेल. एकदा विचारून बघा.

होटगी_रोडकर
विचारलं. तासभर रडली. सांगत होती की गेल्या वर्षी तिच्या वडिलांच्या आजारपणात मी एकदाही विजापूर रोडला त्यांच्या घरी गेलो नाही. मला वाटलं होतं, तिने मनावर घेतलं नाही. हे लोशूमुळे झालं की तुमच्या "विचारून बघा"मुळे, मला माहीत नाही. उद्या जातोय.

पंचांगवाचक
एक बाजू राहिली. तारीख ही कॅलेंडरची असते, मुलीची नाही. आपलं राष्ट्रीय कॅलेंडर शक संवताचं आहे, २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेलं. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर ती तारीख असतेच. २३ ऑगस्ट म्हणजे भाद्र महिन्याची १ तारीख. भाद्र सहावा महिना. २००६ मधून ७८ वजा केले की शक १९२८.

म्हणजे ताई, तुमच्या मुलीची जन्मतारीख १-६-१९२८. हिचा चौकोन भरा. १ दोनदा, ९ आहे, २, ६, ८ आहेत. मूलांक १, भाग्यांक २७ चा ९. जे दोन अंक गायब म्हणून तुमची झोप गेली, तेच दोन तिचे मूलांक आणि भाग्यांक होऊन बसले. मुलगी तीच, जन्माची घटका तीच.

एक_जून
पंचांगवाचक, तिचीही १-६ निघाली! बाळा, आमच्या मांडवात ये.

चादर_डिझाइन
हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. अप्रतिम.

अंकवेल
पंचांगवाचक, मी तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्यातले लोक म्हणतील की जी तारीख माणूस आयुष्यभर लिहितो, फॉर्मवर भरतो, वाढदिवसाला साजरी करतो, तिचाच परिणाम होतो. मीही आजवर असंच सांगत आले. पण मग एक जून काकांना मी आईची तारीख धरा म्हणाले, ते याच्याविरुद्ध जातं. माझं उत्तर अजून तयार नाही.

कागदपत्रं
फलिताचं मला कळत नाही, पण पूर्वभागातली ताई, नावात 'ए' वाढवायच्या आधी थांबा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, कॉलेजच्या फॉर्मवर दुसरं, असं झालं की शिष्यवृत्तीपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडतं. कायदेशीर बदल करायचा तर राजपत्रात छापून आणावा लागतो आणि मग एकेक कागद दुरुस्त. माझ्या भाचीने असंच हौसेने एक अक्षर घातलं होतं. पदवीचा दाखला हातात यायला तिला वर्ष लागलं.

पूर्वभागातली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मुलीला दाखवला. तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतः चौकोन काढला, इंग्रजी तारखेचा एक आणि शकाचा एक. दोन्ही शेजारी शेजारी. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, मला कुणी विचारलंच नाही की मी का बोलत नाही."

आमच्या घरी तेलुगू. शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. आता तोंडी परीक्षेचे प्रश्न इंग्रजीत येतात. ती म्हणाली, प्रश्न कळतो, उत्तर मराठीत तयार होतं, ते इंग्रजीत वळवेपर्यंत परीक्षक पुढच्या मुलीकडे वळलेले असतात. दुसऱ्या सत्रात एका मॅडमनी "मराठीत सांग" म्हटलं होतं, तेव्हा सगळं सांगितलं होतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

स्पेलिंग बदलत नाही. ब्रेसलेटचे पैसे आधीच दिलेत, ते नणंदेला नाही कसं म्हणू हा प्रश्न आहे. निवृत्त गणित सर, रोज अर्धा तास तिच्याकडून इंग्रजीत मोठ्याने उत्तरं म्हणून घ्यायची तर सुरुवात कशी करू? मला स्वतःला इंग्रजी बेताचंच येतं.

निवृत्त_गणित
तुम्हाला यायची गरज नाही. तुम्ही फक्त समोर बसा आणि मराठीत प्रश्न विचारा. तिने आधी मराठीत सांगावं, मग तेच इंग्रजीत, तुटक आलं तरी चालेल. पहिल्या आठवड्यात पाचच प्रश्न घ्या, रोज तेच पाच. मी अशोक चौकाजवळ राहतो. व्यनि करा, शनिवारी तिला घेऊन या. परीक्षकाच्या खुर्चीत मी बसतो.

अंकवेल
ताई, ब्रेसलेटचं नणंदेशी मी बोलते, माझी त्यांची ओळख आहे. आणि शनिवारी मीही येईन, चौकोन न घेता.